एकशे पंचेचाळीस पाउंड, महिना

माझा धाकटा भाऊ शिकायला इंग्लंडला गेला तेव्हा घरात मला सोडून सगळे रडले. मी रडले नाही, कारण मला त्याची बॅग चौथ्यांदा उघडून वजन बघायचं होतं. मी अशीच आहे. लोक मला तुसडी म्हणतात. म्हणोत.

आम्ही भिवंडीला कामतघरला राहतो, चाळीत, दोन्ही बाजूंना लूम. दिवसभर खटखट खटखट, ती थांबली की झोप मोडते. मी अंजूरच्या एका गोडाऊनमध्ये कामाला आहे, इनवर्डच्या टेबलावर. ट्रक येतो, माल उतरतो, मी लेबल काढते, पोरं खोक्यांवर चिकटवतात. ऐकायला सोपं वाटतं. पण लेबल एक आणि माल दुसरा निघाला तर अख्खा लॉट परत येतो आणि मग सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न, लेबल कोणी काढलं? म्हणून तिथे पहिल्या दिवशी मला एकच नियम शिकवला होता. लेबल काढायच्या आधी एक खोकं फोडायचं आणि माल आपल्या डोळ्यांनी बघायचा. कागदावर काय लिहिलंय ते नाही, आत काय आहे ते. सहा वर्षं मी हा नियम पाळला. नव्या पोरींना ओरडून ओरडून शिकवला.

तर भावाने तिकडे जाऊन दोन महिन्यांनी एक व्हिडिओ काढला. 'माझा एक दिवस' अशा धर्तीचा. सकाळी उठतो, थंडीत बसस्टॉपवर उभा राहतो, कॉलेज, लायब्ररी, संध्याकाळी एका हॉटेलच्या किचनमध्ये भांडी घासतो, घरी येऊन डाळभात करतो, झोपतो. जायच्या आधी त्याने असले पन्नास व्हिडिओ पाहिले होते आणि त्यातल्या कोणीच त्याला सांगितलं नव्हतं की एका फुलकोबीला किती पडतात. तो फोनवर बोलला, "ताई, मी खरं सांगणार. आपल्या इकडच्या पोरांना कळू दे. पण मला वेळ नाही. व्हिडिओ मी टाकतो, बाकीचं तू कर."

बाकीचं म्हणजे शीर्षक, खालचं वर्णन, टॅग, चित्रावरची अक्षरं, कोणत्या मिनिटाला काय आहे त्याची यादी. बघणाऱ्याला आधी हेच दिसतं, व्हिडिओ नंतर. त्याने मला चॅनलवर एडिटरचे अधिकार दिले, व्हिडिओ खाजगी करून चढवला आणि बोलला, सगळं भरून झालं की सार्वजनिक कर.

मी रविवारी दुपारी बसले. फोनवर एवढं सगळं नीट भरता येत नाही, म्हणून मैत्रिणीचा लॅपटॉप आणला. मला ते काम लगेच कळलं, कारण ते माझंच काम होतं. लेबल काढायचं. शीर्षकाला शंभर अक्षरं मिळतात, पण फोनवर पहिली साठेक दिसली तर दिसली, म्हणजे मुद्दा आधी लिहायचा. वर्णन हवं तेवढं लांब लिहा, लोकांना वरच्या दोनच ओळी दिसतात, बाकीचं 'आणखी' दाबलं तर. मिनिटांची यादी शून्यापासून सुरू झाली नाही तर व्हिडिओचे भाग पडतच नाहीत. आणि टॅग भरताना कितीही जीव ओता, त्याने फार फरक पडत नाही. हे सगळं मी त्या दुपारी वाचून काढलं.

यादीवरून पहिलं भांडण झालं. भावाने लिहून पाठवलं होतं, 'पार्ट टाइम जॉब'. मी लिहिलं, 'भांडी घासायची ड्युटी'. आई माझ्या खांद्यावरून बघत होती. तिला मराठी वाचता येतं, नको तेव्हा जास्तच येतं.

"हे काढ," ती बोलली. "लोक काय म्हणतील? एवढं कर्ज काढून पोराला भांडी घासायला पाठवलं?"

"घासतो ना तो?"

"घासतो म्हणून गावभर सांगायचं?"

"सांगायचंच. आपल्याला कोणी सांगितलं होतं? सांगितलं असतं तर त्याने जाताना रबराचे हातमोजे नेले असते. हात बघितलेस त्याचे?"

हात तिने व्हिडिओत बघितले होते. यादीत 'भांडी घासायची ड्युटी' राहिली आणि मला लय समाधान वाटलं. भावाने तक्रार केली नाही. तो बोलला, "बरोबर आहे. आणि आठवड्याला वीस तासांच्या वर काम चालत नाही, तेही लिही." ते लिहिलं.

मग खर्च. व्हिडिओत तो आपली खोली दाखवतो, पलंग, टेबल, खिडकीतून दिसणारी विटांची भिंत, आणि बोलतो, "ही माझी खोली, एकशे पंचेचाळीस पाउंड भाडं, लाइट आणि हीटर त्यातच." पुढे दुकानात जातो आणि बोलतो, महिन्याला खाण्याचे दीडशे होतात. बसचा पास महिन्याचा पन्नास. फोनचे दहा. मी आकडे उतरवून घेतले, मोबाइलवर बेरीज केली आणि वर्णनाच्या पहिल्याच ओळीत, सगळ्यांना दिसेल अशा जागी लिहिलं: 'खोली महिना १४५ पाउंड, जेवण १५०, बस ५०, फोन १०. महिन्याचा सगळा खर्च ३५५ पाउंड.' शीर्षक ठेवलं, 'इंग्लंडमध्ये महिन्याला किती लागतात? भिवंडीच्या पोराचा खरा हिशेब'. भावाला दाखवलं. तो बसमध्ये होता, अंगठा पाठवला. मी सार्वजनिक केलं.

आमच्याकडे लूमवर पगार पंधरा दिवसांनी सुटतो, पण भाडं म्हटलं की महिन्याचंच. माझ्या जन्मात मी दुसरं भाडं ऐकलेलं नाही. तो 'महिना' शब्द माझ्या हाताने लिहिला गेला आणि मला कळलंही नाही की तो व्हिडिओत कुठेच नाही.

व्हिडिओ पळाला. पहिल्याच आठवड्यात आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त लोकांनी पाहिला. गोडाऊनमधल्या पोरांनी पाहिला, चाळीत सगळ्यांनी पाहिला. खाली लोक लिहीत होते, एवढ्यात भागतं? मग आम्ही पण जाऊ शकतो. मी प्रत्येकाला उत्तर देत होते. एकाने मात्र लिहिलं, 'ताई, महिना लिहिलंय ते चुकलंय, बघा एकदा.' मी त्याला लिहिलं, व्हिडिओ नीट बघा आणि मग शिकवा. वर त्याची कमेंट काढून टाकली. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

त्याच आठवड्यात एका माणसाचा फोन आला. परदेशात शिकायला पाठवणारं त्याचं ऑफिस होतं, बाजारात एका मोबाइलच्या दुकानाच्या वर. फार गोड बोलला. मॅडम, शीर्षक झकास आहे, पहिली ओळ तर एकदम झकास. आमच्या ऑफिसची लिंक त्या ओळीच्या खाली टाका, आम्ही पैसे देऊ, आणि तो आकडा तसाच ठेवा, आकडा हलवू नका.

मी बोलले, "पैसे घेतले तर तिथे एक चौकोन आहे, त्यात टिक करावी लागते. मग व्हिडिओवर दिसतं की जाहिरात आहे."

"टिक कशाला करता? टिक बघून लोक पळतात. कोण बघायला येतंय?"

"मी बघते," मी बोलले आणि फोन ठेवला.

पुढचे दोन दिवस मी ही गोष्ट भेटेल त्याला सांगत होते. आईला सांगितली, डब्याच्या सुट्टीत सांगितली, रिक्षावाल्यालाही सांगितली. मी काय विकत मिळणारी आहे का? माझी मान अशी ताठ झाली होती की वळत नव्हती.

बुधवारी संध्याकाळी मी कामावरून आले तर शेजारच्या खोलीतली मुलगी आमच्या दारात वही घेऊन उभी. तिला मी लहानपणापासून ओळखते. बीएस्सी झाली होती, हुशार, बोलायला कमी. तिचा बाप लूमवर फिटर, आई घरी शिलाई करते. तिला इंग्लंडच्या एका कॉलेजचं ऑफर लेटर आलंय हे चाळीत सगळ्यांना माहीत होतं. मला माहीत नव्हतं ते तिने त्या दिवशी सांगितलं.

"ताई, परवा शुक्रवारी इसार आहे. वज्रेश्वरीच्या अलीकडची आमची सहा गुंठे जागा बाबा विकतायत. तेवढीच आहे. मी एकदा हिशेब तुझ्याकडून बघून घेते."

तिने वही उघडली. पहिल्या पानावर माझी ओळ होती. अक्षरन् अक्षर माझी, फक्त आकड्यांना बाराने गुणलेलं आणि पुढे रुपये काढलेले. खाली लाल पेनाने रेघ. त्या रेघेवर तिच्या बापाच्या सहा गुंठ्यांची किंमत बसवलेली होती. फी, विमान, व्हिसा आणि मी लिहिलेला खर्च, सगळं मिळून काठोकाठ.

मी विचारलं, "व्हिसासाठी अठ्ठावीस दिवस खात्यात पैसे दाखवायचे असतात, तो आकडा तर याच्याहून खूप मोठा असतो ना? भावाच्या वेळी होता."

"हो. मी पण विचारलं. बाजारात मोबाइलच्या दुकानावर ऑफिस आहे ना, तिथले सर बोलले ते फक्त दाखवायला असतं, खर्च एवढा होत नाही. तुमच्या चाळीतल्याच पोराचा व्हिडिओ बघा, साडेतीनशेत भागवतो." तिने वहीत ठेवलेला एक कागद काढला. माझं वर्णन त्याने छापून तिच्या फाइलला लावलं होतं.

मला बरं वाटलं होतं, हे कबूल करते. क्षणभर छान वाटलं होतं. माझं लेबल कोणाच्या तरी फाइलला लागलंय. मी फुशारकीने बोलले, थांब, डायरेक्ट त्यालाच विचारू, आणि भावाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपार होती, तो कॉलेजच्या कँटीनमध्ये घरून नेलेला डबा खात बसला होता. मी मुलीला समोर बसवलं. तिने नमस्कार करून पहिलाच प्रश्न विचारला की दादा, भाडं कोणत्या तारखेला द्यायचं असतं?

"तारीख नाही गं," भाऊ तोंडातला घास गिळत बोलला. "दर शुक्रवारी जातं खात्यातून."

"दर शुक्रवारी म्हणजे?"

"म्हणजे आठवड्याचं असतं ना इकडे. एकशे पंचेचाळीस आठवड्याला. एक्कावन्न आठवड्यांचा करार आहे माझा."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी वहीकडे. त्या खोलीत त्या वेळी लूमची खटखट चालू असणारच, मला ऐकू आली नाही.

"तू बोलला का नाहीस?" मी भावावर ओरडले.

"मी महिना कधी बोललो? ऐक ना व्हिडिओ. मी एकशे पंचेचाळीस एवढंच बोललोय. इकडे कोणी विचारतच नाही, सगळ्यांना माहीत असतं. महिना कोणी लिहिलं?"

लेबल कोणी काढलं?

मुलीने फोनवरच गुणाकार केला. महिन्याचा खर्च साडेतीनशे नव्हता, साडेआठशेच्या घरात जात होता. तिने लाल रेघेच्या खाली नवा आकडा लिहिला आणि तो सहा गुंठ्यांत बसला नाही. नऊ गुंठ्यांतही बसला नसता. ती रडली नाही, ओरडली नाही. फक्त विचारलं, "ताई, तू दादाला विचारून लिहिलं होतंस ना?"

मी व्हिडिओ खरा होता असं सांगितलं. खरा होताच. माल खरा आणि लेबल खोटं. सहा वर्षं जो नियम मी पोरींच्या कानीकपाळी ओरडले, तो मी घरी बसून मोडला होता. खोकं फोडून बघितलंच नाही. एक फोन, एक प्रश्न, भाडं कसलं रे, एवढंच पुरलं असतं.

तिच्या बापाला सांगितलं तर त्याला पटेना. त्याचं म्हणणं, साहेब एवढी पोरं पाठवतात, त्यांना माहीत नसेल का? उद्या त्यांनाच विचारू, तू पण चल. म्हणून गुरुवारी मी हाफ डे टाकला आणि आम्ही तिघं त्या मोबाइलच्या दुकानावरच्या ऑफिसात गेलो. एसी चालू, भिंतीवर परदेशी कॉलेजांची चित्रं, हसणारी पोरं. बापाने मी कोण ते सांगितलं, तसं साहेबाने मला ओळखलं आणि चहा मागवला.

मुलीनेच विचारलं. बापाला बोलता येईना, मला बोलायची लाज वाटत होती. ती फाइल मांडीवर धरून बोलली, "सर, तिकडे खोलीचं भाडं आठवड्याचं असतं की महिन्याचं?"

"आठवड्याचं," तो सहज बोलला. "तिकडे तसंच असतं. सगळ्यांना माहीत असतं."

"मग हे?" तिने छापलेला कागद त्याच्यापुढे सरकवला.

त्याने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "ते मी नाही लिहिलं. ते मॅडमच्या चॅनलवर आहे. मी फक्त दाखवलं."

तेव्हा मला त्याचा फोन आठवला. आकडा तसाच ठेवा, आकडा हलवू नका. या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझी चूक त्याने पहिल्या ओळीत वाचली होती, ओळखली होती आणि मला त्या चुकीचे पैसे द्यायला निघाला होता. आणि मी टिक करण्यावरून त्याला सुनावून स्वतःला फार सज्जन समजत होते. माझं डोकंच फिरलं. मी बोलले, "तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही तो कागद या पोरीच्या फाइलला लावलात?"

"मॅडम, आवाज खाली. मी काही खोटं बोललो का? तुम्ही लिहिलेलं तुम्हालाच दाखवतोय."

मुलीने फाइलमधून तो कागद काढला, दोनदा दुमडला आणि आपल्या वहीत ठेवला. मग बापाला बोलली, "बाबा, चला." चहा तसाच राहिला. शुक्रवारचा इसार झाला नाही.

आता कोणाला वाटेल, लोकांनी माझे आभार मानले. कसले आभार! तिचा बाप रिक्षा स्टँडवरच मला बोलला, घेणाऱ्याला शब्द दिला होता, नातेवाइकांना सांगून झालं होतं, आता तोंड कुठे दाखवू? आणि चाळीत दुसऱ्याच दिवशी वेगळंच सुरू झालं. हिचा भाऊ गेला ते चालतं, दुसऱ्याची पोरगी जाते म्हटल्यावर हिच्या पोटात दुखलं. नळावर मी आले की बायका बादल्या उचलत. मुलीची आई, जिला मी काकी म्हणते, जिने माझे फ्रॉक शिवलेत, ती माझ्याशी बोलायची बंद झाली. आईने मला विचारलं, कशाला पडलीस मध्ये? मी बोलले, मी मध्ये नाही पडले, मी सुरुवातच केली होती.

व्हिडिओ अजून तसाच पळत होता. ऑफिसातून आले त्याच संध्याकाळी मी आणि भाऊ फोनवर भांडलो होतो.

"गुपचूप बदल ना," तो बोलला. "महिना काढ, आठवडा टाक, बेरीज सुधार. कोणाला कळणार आहे? शीर्षकात चूक बीक लिहिलंस तर कोण उघडणार व्हिडिओ?"

"तू नवीन बनवून टाक मग."

"नवीन टाकला तर लिंक बदलते. ही लिंक सगळ्या ग्रुपवर गेलीय. त्या जुन्या लिंकवर व्हिडिओ बदलून टाकता येत नाही."

"म्हणूनच बोलतेय. ज्यांनी वाचून वहीत उतरवलंय ते गुपचूप बदललेलं बघायला परत कशाला येतील? त्यांना ओरडूनच सांगावं लागेल."

"ताई, चॅनल बुडेल."

"बुडू दे. तू भांडी घासतोयस, चॅनलने तुझं भाडं जात नाही. दर शुक्रवारी."

तो हसला. त्याला हसावंच लागलं. मग बोलला, कर तुला हवं ते.

मी शीर्षक बदललं, चूक पुढे आणि बाकीचं मागे, म्हणजे फोनवर पण चूकच आधी दिसेल. 'आमची चूक: भाडं महिन्याचं नाही, आठवड्याचं. इंग्लंडचा खरा हिशेब'. चित्रावरचा जुना आकडा खोडून तो खोडलेलाच ठेवला आणि बाजूला नवा लिहिला. वर्णनाच्या पहिल्या ओळीत लिहिलं, 'आधी इथे भाडं महिन्याचं लिहिलं होतं. ते अनवधानाने झालं. भाडं आठवड्याचं आहे, महिन्याचा खर्च साडेआठशे पाउंडच्या जवळ जातो.' तेच सांगणारी स्वतःची एक कमेंट सगळ्या कमेंटच्या वर टाचून ठेवली. ज्याची कमेंट मी काढली होती त्याची माफीही त्यातच मागितली, त्याचं नाव मला आठवत नव्हतं.

लोकांनी शिव्या घातल्या. दोघातिघांनी आभारही मानले. ऑफिसवाल्याने दोनदा फोन केला, दुसऱ्या वेळी गोड बोलला नाही. बोलला, तुमच्यामुळे पोरांचं स्वप्न मोडतंय, शीर्षक साधं ठेवा. मी त्याला बोलले, "तुमच्या ऑफिसच्या दारावर लावा तुमचं साधं शीर्षक. माझ्या व्हिडिओवर मी लिहीन." व्हिडिओ बघणारे झपाट्याने कमी झाले, भाऊ म्हणत होता तसंच झालं. मी काही बदललं नाही. आईने सांगितलं, भावाने सांगितलं, डब्याच्या सुट्टीत पोरांनी सांगितलं, आता पुरे, वरून ती चूक काढ, एवढी जाहिरात कशाला. मी ठामपणे नाही बोलले. ज्या जागेवर चूक उभी होती त्याच जागेवर दुरुस्ती उभी राहील. शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात माफी मागणारे मी खूप बघितलेत.

मला वाटत होतं, मी आता पूर्ण खरी झाले. कोणाला घाबरले नाही, कोणापुढे वाकले नाही.

दोन महिन्यांनी एका दुपारी काकी आमच्या दारात आली. मला वाटलं भांडायला आली. हातात मुलीचा फोन होता. मुलगी तेव्हा ठाण्याला एका लॅबमध्ये लागली होती आणि पुढच्या वर्षासाठी स्कॉलरशिपचे फॉर्म भरत होती. सहा गुंठे अजून त्यांचेच होते. काकी उंबऱ्यातच बसली. फोन माझ्यापुढे धरला. त्यावर माझी पहिली ओळ.

"पोरीनं वाचाया शिकवलं तुझं हे," ती बोलली. "सगलं समजलं. योक शब्द न्हाय समजला. अनवधानानं म्हंजे काय गो?"

"म्हणजे मुद्दाम नाही केलं, काकी. लक्ष नव्हतं."

तिने विचार केला. ती घाईने बोलणारी बाई नाही.

"जमीन इकली असती," ती बोलली, "तर ती मुद्दाम न्हाय केलं म्हनून परत भेटली असती का?"

मी ती ओळ परत वाचली.

"तुना इचारलं न्हाय. भावाला इचारायचं व्हतं, इचारलं न्हाय. तसं लिव ना. ह्यो शब्द कशाला?"

मी सगळ्यांशी भांडले होते त्या शीर्षकावरून. आईशी, भावाशी, त्या ऑफिसवाल्याशी. कोणालाच एक शब्द हलवू दिला नव्हता. आणि माझ्या त्या ताठ पहिल्या ओळीत मी स्वतःसाठी एक मऊ गादी घालून ठेवली होती, छान जड शब्दाची, काकीला समजणार नाही अशा. ऑफिसवाल्याला माहीत होतं आणि त्याने लपवलं. मी काय केलं होतं? मी माझा भाग थोडासा लपवला होता.

मी लॅपटॉप मागून आणला नाही, तिथेच फोनवर वर्णन उघडलं. काकी बघत होती. मी तो शब्द काढला आणि त्या जागी काय लिहू ते तिला विचारलं. या वेळी विचारलं.

ती ओळ आता अशी आहे, आणि कोणी कितीही सांगो, अशीच राहील: 'आधी इथे भाडं महिन्याचं लिहिलं होतं. मी न विचारता लिहिलं. भाडं आठवड्याचं आहे.'

काकीने बोट ठेवून ती ओळ वाचली, हळूहळू, शेवटपर्यंत. मग फोन पदरात घेतला आणि बोलली, "आता बराबर हाय. चल, चाय टाक."